ब्रॉयलर कोंबड्यांचे उन्हाळी व्यवस्थापन

ब्रॉयलर कोंबड्यांचे उन्हाळी व्यवस्थापन : मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांच्या शरीरात साठणारी उष्णता कडक उन्हाळ्यात आटोक्यात ठेवण्याची पद्धत. उघड्या बाजूंच्या शेडमध्ये तिचा भर चार गोष्टींवर असतो : पक्ष्यांची संख्या, पाणी, हवा आणि खाद्याच्या वेळा. शेडबाहेरचे ऊन पक्ष्याला त्रास देतेच, पण त्याच्या अंगातही सतत उष्णता तयार होत असते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की पक्षी दगावतो.

उष्णतेचा ताण : कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. हवा थंड असते तेव्हा तुरा, पाय आणि पंखांखालची उघडी त्वचा यांतून उष्णता निघून जाते. हवेचे तापमान शरीराच्या तापमानाजवळ येऊ लागले की हा मार्ग बंद होत जातो आणि चोच उघडून धापा टाकणे एवढाच उपाय उरतो. धापेमुळे श्वसनमार्गातील ओलाव्याची वाफ होते आणि त्याबरोबर उष्णता बाहेर जाते. मात्र धाप टाकण्यासाठी स्नायूंना काम करावे लागते, त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. शिवाय रक्तातील कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जाऊन रक्ताची अल्कता वाढते. शरीराचे तापमान ४६-४७ अंशांपर्यंत गेले की पक्षी वाचत नाही. चार आठवड्यांपुढचे जड पक्षी आधी बळी पडतात. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा कमी असते आणि अंगात तयार होणारी उष्णता जास्त असते.

पक्ष्यांची संख्या : २ किलो वजनाचा ब्रॉयलर साधारण १५ ते १८ वॉट उष्णता बाहेर टाकतो. विदर्भातील १०० फूट लांब आणि २५ फूट रुंद, म्हणजे २,५०० चौरस फुटांची शेड उदाहरणादाखल घेऊ. हिवाळ्यात पक्ष्यामागे १ चौरस फूट या हिशेबाने तिच्यात २,५०० पक्षी राहतात. विक्रीच्या वजनाला आलेले हे पक्षी मिळून जवळजवळ ४० किलोवॉट उष्णता सोडतात. १ किलोवॉटचे ४० हीटर शेडमध्ये लावल्यासारखेच हे आहे. पक्ष्यामागे सव्वा चौरस फूट धरल्यास २,००० पक्षी राहतात आणि ही उष्णता सुमारे एक पंचमांशाने घटते. याहून मोठा फायदा असा, की पक्ष्यांमध्ये अंतर राहते आणि खाली बसलेल्या पक्ष्यांच्या अंगांमध्ये व तुसाच्या गादीवर गरम हवा कोंडून राहत नाही.

संख्येचा निर्णय पिल्ले मागवतानाच करावा लागतो. मार्चअखेर टाकलेली पिल्ले मेच्या पहिल्या आठवड्यात विक्रीच्या वजनाला येतात आणि त्या वेळी विदर्भात पारा ४४ अंशांच्या घरात असतो. आधीच जास्त पिल्ले टाकली असतील, तर जड पक्षी लवकर काढून विकणे हा मार्ग उरतो. पकड रात्री किंवा पहाटे करतात. शेड मोकळी असली तरी पक्षी सावलीच्या किंवा वाऱ्याच्या टोकाला गोळा होतात आणि तेवढ्या भागात गर्दी होते. म्हणून शेडमध्ये जाळीचे आडवे कप्पे करतात.

पाणी : एरवी ब्रॉयलर खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पितो. २१ अंशांच्या वर दर अंशाला पाण्याची गरज अंदाजे ७ टक्क्यांनी वाढते. उदाहरणातील २,००० पक्षी पाचव्या आठवड्यात दिवसाला ६०० लिटर पाणी पीत असतील, तर मेमध्ये त्यांच्यासाठी १,२०० लिटरांहून अधिक पाण्याची तयारी ठेवावी लागते. त्यातला मोठा भाग दुपारच्या काही तासांत लागतो, त्यामुळे टाकी, नळ आणि भांड्यांची संख्या त्या तासांच्या मागणीला पुरेल अशी असावी.

गरम पाणी पक्षी टाळतात. पत्र्यावर किंवा उघड्यावर ठेवलेल्या काळ्या टाकीतील पाणी दुपारी आंघोळीच्या पाण्याइतके तापते. म्हणून टाकीवर छप्पर घालतात, तिला ओले गोणपाट गुंडाळतात आणि नळ जमिनीत पुरतात. निपल पद्धतीत बारीक नळीतले साचलेले पाणी लवकर तापते, त्यामुळे दुपारी नळीच्या टोकाची तोटी उघडून ते वेळोवेळी वाहू देतात. धापेमुळे होणारी क्षारांची झीज भरून काढण्यासाठी पाण्यातून इलेक्ट्रोलाइट देतात; ते मात्र ठरलेल्या मात्रेतच द्यावे लागतात.

हवा : शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की कलते ऊन लांब बाजूंनी आत शिरत नाही. छपराला चुना मारल्याने किंवा त्यावर भाताचा पेंढा घालून पाणी शिंपडल्याने पत्र्याची धग कमी होते. पंखे पक्ष्यांच्या पाठीवरून वारा जाईल इतके खाली आणि एकाच दिशेला तोंड करून लावतात. छताजवळ फिरणारा पंखा वरची गरम हवाच खाली ढकलतो.

हवा शरीराइतकी तापली की नुसता वारा पुरत नाही, तिच्यात ओलावा मिसळून ती थंड करावी लागते. विदर्भाच्या कोरड्या हवेत पंख्यांपुढे फॉगरची बारीक फवार सोडल्यास तापमान बरेच अंश उतरते. फवार थांबवून थांबवून सोडतात, म्हणजे गादी भिजत नाही. कोकणात किंवा गोव्यात पारा ३५ अंशांवरच थांबतो, पण हवा दमट असते. तिथे फॉगरने आर्द्रता आणखी वाढून धापेतून होणारे बाष्पीभवन मंदावते, म्हणून वाऱ्यावरच भर द्यावा लागतो. बाजूंना ओले गोणपाट लावताना शेड पूर्ण झाकली जाणे ही नेहमीची चूक आहे. वरची जाळी मोकळी न ठेवल्यास आत दमट हवा कोंडते.

खाद्याच्या वेळा : खाल्लेले पचवताना उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर साधारण ४ ते ६ तासांनी सर्वाधिक असते. दुपारी ३ च्या सुमारास पारा सर्वात वर असेल, तर सकाळी ९ ते ११ दरम्यान खाल्लेल्या खाद्याची उष्णता नेमकी त्याच वेळी बाहेर पडते. म्हणून ९ च्या आधी खाद्यभांडी वर उचलतात आणि ऊन उतरल्यावर ६ च्या सुमारास खाली सोडतात. राहिलेली भूक रात्री दिवे लावून आणि पहाटे भागवतात. धापा सुरू झाल्यावर भांडी उचलून उपयोग होत नाही. पोटात गेलेल्या खाद्याचे पचन सुरूच असते. संध्याकाळी सर्व भांडी एकाच वेळी सोडावी लागतात, नाहीतर उपाशी पक्षी एकमेकांवर चढून ओरबाडतात. तीन आठवड्यांखालील पिल्लांना ही उपासाची गरज पडत नाही.

ओळख : पक्षी पंख फाकवून, मान पुढे काढून धापा टाकू लागले की ताण सुरू झालेला असतो. त्या वेळी शेडमधून सावकाश फिरून बसलेल्या पक्ष्यांना उठवल्यास त्यांच्याखाली कोंडलेली उष्णता निघून जाते. पकड किंवा लसीकरण मात्र टाळतात. उष्माघाताची मरतुक दुपारी उशिरा व संध्याकाळी होते, जड पक्षी आधी मरतात आणि चिरल्यावर छातीचे मांस अर्धवट शिजल्यासारखे फिकट दिसते. रात्र गार होऊनही सकाळी मरतुक चालूच राहिली किंवा लहान पक्षीही मरू लागले, तर कारण केवळ ऊन नसून राणीखेतसारख्या रोगाची शंका घेऊन तपासणी करून घ्यावी लागते.