आंधी

राजस्थान, हरियाणा, पंजाब, दिल्ली व पश्चिम उत्तर प्रदेश या प्रदेशांत एप्रिल ते जून या काळात, म्हणजे नैर्ऋत्य मान्सून पोहोचण्यापूर्वी, मेघगर्जनेच्या ढगांतून निर्माण होणारे धुळीचे वादळ. निरभ्र आकाशात तापलेल्या जमिनीवरून उठून काही मिनिटांत विरणारी वावटळ याहून वेगळी असते.

या काळात जमीन कोरडी व बरीचशी उघडी असते आणि तिच्यालगतची हवा 40 ते 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापून कित्येक किलोमीटर उंच चढते. पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे भूमध्य समुद्राकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीमुळे, वरच्या थरात गारवा व बाष्प आले की या हवेत गर्जन्मेघ वाढतात. मात्र त्यांचा तळ बराच उंचावर असल्याने त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत पुष्कळसा वाटेतच आटतो. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जात असल्याने ती हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तिच्या पुढच्या कडेला झंझावाती आघाडी म्हणतात. या वाऱ्याने वाळूचे जाडसर कण उड्या मारत पुढे जातात आणि त्यांच्या आघाताने मातीला चिकटलेली बारीक धूळ सुटून वर उचलली जाते, त्यामुळे दुरून तपकिरी भिंत चालत येत असल्यासारखे दिसते. ती पोहोचताच वाऱ्याची दिशा बदलते, तापमान झपाट्याने उतरते आणि दृश्यता 1 किलोमीटरखाली, कधी काही मीटरवर येते. एरवी सुखावणारी गार झुळूक येथे धोक्याची सूचना असते.

जीवितहानी धुळीपेक्षा वाऱ्याने अधिक होते. 2 मे 2018 रोजी रात्री भरतपूर, अलवर, धौलपूर व आग्रा भागांत आलेल्या वादळात राजस्थान व उत्तर प्रदेश मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यांतील अनेक जण झोपेत घरे कोसळून. वर सांगितलेल्या प्रदेशांबाहेरही अशी वादळे होतात: 13 मे 2024 रोजी मुंबईतील धुळीच्या वादळात घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर जाहिरातफलक पडून 17 जण मृत्युमुखी पडले.

म्हणून वादळ दिसताच पक्क्या इमारतीत जाऊन दारे-खिडक्या लावाव्यात आणि झाड, जाहिरातफलक, पत्र्याची शेड किंवा कच्ची भिंत यांचा आडोसा घेऊ नये. उघड्यावर सापडल्यास नाकातोंडावर ओला रुमाल धरून डोळे झाकावेत. दमेकऱ्यांनी आपले औषध जवळ ठेवावे. वाहनचालकाने गाडी रस्त्यापासून शक्य तितकी बाजूला घेऊन थांबवावी, हँडब्रेक लावावा व दिवे बंद करावेत, कारण मागून येणारा चालक दिव्यांच्या रोखाने रस्ता धरू पाहतो आणि उभ्या गाडीवर आदळतो. धूळ बसू लागली तरी त्याच ढगातील विजेचा धोका टळलेला नसतो. तसेच तुटून पडलेल्या तारेत वीजप्रवाह आहे असे समजूनच तिच्यापासून दूर राहावे.