सवतीचा प्रश्न कसा विचारावा?

मुसलमान चार-चार बायका करतात, हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कुठे ना कुठे ऐकलेले आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडचे जाणते लोक 1961 च्या जनगणनेचा दाखला देतात. त्या जनगणनेबरोबर झालेल्या पाहणीत बहुपत्नीक विवाहांचे प्रमाण हिंदूंमध्ये 5.8 टक्के, तर मुसलमानांमध्ये 5.7 टक्के आढळले. जैनांमध्ये ते 6.7, बौद्धांमध्ये 7.9 आणि आदिवासींमध्ये 15.25 टक्के होते. म्हणजे पाचांमध्ये मुसलमान सर्वात खाली. मीही हा दाखला दिलेला आहे आणि पुढेही देईन. पण हे आकडे मिळाले कसे, हा प्रश्न आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

ते मिळाले सरळ विचारून. आणि सरळ विचारलेल्या प्रश्नाचे वजन प्रत्येक घरात सारखे नव्हते. मुंबई प्रांताने 1946 मध्येच हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला. नरसू आप्पा माळी खटल्यात त्याला आव्हान मिळाले, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो उचलून धरला. आपले औरंगाबाद तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तो कायदा शेजारच्या नगर जिल्ह्यात लागू होता, इथे नव्हता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने हा फरक मिटवला आणि बायको हयात असताना दुसरी करणे हा देशभरच्या हिंदूंसाठी गुन्हा झाला. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

आता 1961 सालच्या मराठवाड्यातले दोन दरवाजे डोळ्यांसमोर आणा. सरकारी माणूस वही घेऊन विचारतो, ‘बायका किती?’ एका दारात ‘दोन’ म्हणणे ही फार तर लाजेची गोष्ट आहे. दुसऱ्या दारात, लग्न नव्या कायद्यानंतरचे असेल तर, तीच गुन्ह्याची कबुली आहे. जिथे भीती जास्त तिथे लपवाछपवी जास्त होऊ शकते. शिवाय ज्या समाजाकडे बोट दाखवले जाते, त्या समाजातला माणूसही बोट टाळायला खोटे बोलू शकतो. कोणी किती लपवले हे ठाऊक नसेल, तर 5.8 आणि 5.7 यांची तुलना करायची कशी?

या पाहणीनंतर चार वर्षांनी, 1965 मध्ये, स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकी संशोधकाने यावर एक साधी युक्ती छापली. तिचे नाव रँडमाइज्ड रिस्पॉन्स. आपण तिला चिठ्ठीची पद्धत म्हणू. पिशवीत 100 चिठ्ठ्या ठेवायच्या. 70 चिठ्ठ्यांवर लिहायचे, ‘मला दोन बायका आहेत.’ 30 वर लिहायचे, ‘मला दोन बायका नाहीत.’ माणसाने एक चिठ्ठी काढायची, मनात वाचायची, परत टाकायची आणि ‘खरे’ किंवा ‘खोटे’ एवढेच सांगायचे. विचारणाऱ्याला चिठ्ठी दिसत नाही. त्यामुळे ‘खरे’ म्हणणारा दोन बायकांचा की एका बायकोचा, हे त्याला कळत नाही आणि कोर्टातही सिद्ध करता येत नाही.

तरी समाजाचा आकडा मात्र निघतो. समजा 1000 पुरुषांपैकी खरोखर 60 जणांना दोन बायका आहेत. त्यांच्यातल्या सुमारे 42 जणांना पहिली चिठ्ठी येईल आणि ते ‘खरे’ म्हणतील. उरलेल्या 940 पैकी सुमारे 282 जणांना दुसरी चिठ्ठी येईल आणि तेही ‘खरे’ म्हणतील. एकूण 324. आता उलटा हिशेब करा. कोणालाच दोन बायका नसत्या तर ‘खरे’ 300 आले असते. सगळ्यांनाच असत्या तर 700. आपले 324 हे त्या 400 च्या अंतरात 24 पावले पुढे आहेत. 24 भागिले 400 म्हणजे 6 टक्के. आकडा हाती आला, पण ‘खरे’ म्हणणाऱ्या 324 जणांपैकी ते 42 कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

या पडद्याची किंमत मात्र मोठी आहे. सरळ विचारले आणि सगळे खरे बोलले, तर 1000 माणसांवरून काढलेल्या 6 टक्क्यांत साधारण दीड टक्का इकडे-तिकडे होऊ शकते. चिठ्ठीच्या पद्धतीत तेच सात टक्क्यांहून जास्त होते. सरळ प्रश्नाइतकी नेमकी मोजणी हवी असेल तर सुमारे 24,000 माणसे लागतील. 90-10 अशा चिठ्ठ्या ठेवल्या तर नेमकेपणा वाढतो, पण पडदा पातळ होतो. 50-50 ठेवल्या तर पडदा पूर्ण, पण हाती काहीच येत नाही.

दुसरी अडचण माणसाच्या मनाची. पिशवीवर विश्वास नसलेला माणूस चिठ्ठी काहीही येवो, ‘खोटे’ म्हणून मोकळा होतो. हे ओळखता येते. वरच्या उदाहरणात ‘खरे’ 250 च आले तर उत्तर उणे साडेबारा टक्के निघते. उणे बायका कोणाला नसतात. म्हणजे लोकांनी नियम पाळलेला नाही. थोड्याच लोकांनी तसे केले असेल तर मात्र आकडा फक्त कमी दिसतो आणि चूक लपून राहते.

पुढे काहींनी दुसऱ्या चिठ्ठीवर निरुपद्रवी प्रश्न टाकला. उदाहरणार्थ, जन्म अमुक महिन्यातला आहे का? आपल्याकडे हे फसेल. मास्तरांनी शाळेत घालताना 1 जून लिहून टाकलेली पिढीच्या पिढी इथे आहे. खरा महिना कोणता, हे त्या माणसालाही माहीत नसते.

चिठ्ठीचा खेळ समजावणे अवघड जाते, म्हणून दुसरी पद्धत आली, लिस्ट एक्सपेरिमेंट. चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करायचे. पहिल्याला चार साध्या गोष्टींची यादी द्यायची आणि यातल्या किती तुम्हाला लागू आहेत एवढेच विचारायचे. कोणत्या, हे विचारायचे नाही. दुसऱ्या गटाच्या यादीत पाचवी, नाजूक गोष्ट घालायची. पहिल्या गटाची सरासरी 2.10 आणि दुसऱ्याची 2.16 आली, तर ती गोष्ट 6 टक्के लोकांना लागू. फक्त यादीतल्या चारही साध्या गोष्टी एकाच माणसाला लागू पडतील अशा नसाव्यात. नाहीतर तो ‘पाच’ म्हणताच उघडा पडतो.

भारतात ही पद्धत वापरून झालेली आहे. केरळात स्त्रियांवरील हिंसेबद्दल असे विचारले गेले आणि 2017 मध्ये जागतिक बँकेने तो अभ्यास छापला. घरातल्या मारहाणीबद्दल सरळ प्रश्नाला मिळालेली उत्तरे प्रत्यक्षापेक्षा सुमारे 9 टक्क्यांनी कमी होती. बसमधल्या छेडछाडीबाबत मात्र फरक जवळजवळ नव्हता. बसमधल्या परक्याबद्दल बोलताना घराची इज्जत आड येत नाही. नवऱ्याबद्दल बोलताना येते.

सवतीचा प्रश्नही घरातलाच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना विचारले, तेव्हा नवऱ्याला आणखी बायको असल्याचे 1.9 टक्के मुसलमान आणि 1.3 टक्के हिंदू स्त्रियांनी सांगितले. 1961 मध्ये मुसलमान एका दशांशाने खाली होते, 2019-21 मध्ये सहा दशांशांनी वर होते. पहिल्या आकड्यावरून आपण छाती फुगवू नये, दुसऱ्यावरून कोणी आपल्याकडे बोट दाखवू नये. दोन्ही उत्तरे सरळ विचारून आलेली आहेत, आणि एवढा बारीक फरक चिठ्ठीच्या किंवा यादीच्या पद्धतीने पकडायचा तर लाखो माणसे लागतील. चौथा हिस्सा किंवा निम्मे मुसलमान बहुपत्नीक असते, तर ते या पद्धतींत लपले नसते. दोन्ही पाहण्यांवरून भरवशाने सांगता येते ते इतकेच, की हे प्रमाण सगळ्याच समाजांत थोडे आहे आणि घटत आले आहे. पण त्या थोड्या घरांतल्या सवतीला टक्केवारीशी देणेघेणे नाही. तिला निकाहनाम्यात स्वतःचे नाव आणि हातात पोटगी हवी आहे.