चढत्या सौद्यात भर घालण्याचा इतिहास : लिव्हरमोरपासून शिकागोच्या कासवांपर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण तोट्यातल्या सौद्यात 'अॅव्हरेज' करणाऱ्यांचं काय होतं ते पाहिलं. आज त्याची उलटी बाजू पाहायची आहे. सौदा नफ्यात आहे, भाव आपल्या बाजूने चालला आहे, अशा वेळी त्यात टप्प्याटप्प्याने भर घालायची. याला बाजारात पिरॅमिडिंग म्हणतात. ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं, पण या पद्धतीने जितके लोक मोठे झाले, तितकेच बुडालेही. या दोघांमधला फरक एका हिशेबात आहे. तो हिशेब लोकांना कसा सापडत गेला, तेवढाच आजचा विषय.

सुरुवात 1915 सालच्या न्यूयॉर्कपासून करू. जेसी लिव्हरमोर हा त्या काळचा नामांकित सट्टेबाज, पण त्या वर्षी तो पार दिवाळखोरीत होता. एका दलालाने त्याला फक्त 500 शेअर्सच्या खरेदीपुरतं उधार खातं दिलं. एडविन लफेव्हर याने लिव्हरमोरच्या आयुष्यावर बेतलेलं पुस्तक 1923 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात हा प्रसंग येतो. नायक कित्येक आठवडे काहीच न करता बेथलेहेम स्टीलचा भाव पाहत बसतो. भाव 98 ला आला तेव्हा तो 500 शेअर्स घेतो. त्याच दिवशी भाव 114-115 पर्यंत चढतो आणि तो आणखी 500 घेतो. दुसऱ्या दिवशी भाव 145.

इथे आपण थोडं थांबू. दुसरी खरेदी पहिलीएवढीच होती, हे महत्त्वाचं आहे. 98 चे 500 आणि 115 चे 500, म्हणजे सरासरी पडली 106.50. भाव 115 वरून साडेआठ डॉलर खाली आला असता तरी खातं शून्यावर राहिलं असतं, तोटा झाला नसता. आता समजा त्याच उत्साहात त्याने दुसऱ्या वेळी 2,000 शेअर्स घेतले असते, तर सरासरी गेली असती 111.60 वर. मग साडेतीन डॉलरची घसरण झाली की आधीचा सगळा नफा संपला. एवढी घसरण तर तेजीतल्या शेअरला जेवणाच्या सुट्टीआधी येते! भाव तोच, माणूस तोच, पण वरची खरेदी खालच्यापेक्षा मोठी झाली की पिरॅमिड टोकावर उभा राहतो.

1920 च्या दशकात अमेरिकेत नेमके असेच टोकावरचे पिरॅमिड उभे राहिले. त्यांना खतपाणी घातलं ते थोड्या अनामतीवर मिळणाऱ्या उधारीने. एक साधं उदाहरण घेऊ. 10 टक्के अनामत पुरते असं धरा. एकाने 1,000 डॉलर भरून 100 डॉलरचे 100 शेअर्स घेतले. भाव 110 झाला. आता त्याचे स्वतःचे 2,000 डॉलर झाले, आणि त्या जोरावर त्याला 20,000 डॉलरचा माल धरता येतो. तो भर घालतो आणि 20,000 पर्यंत जातो. यानंतर भाव 10 टक्क्यांनी उतरला, म्हणजे 99 वर आला, की 2,000 गेले. खातं साफ. भाव जिथून निघाला होता जवळजवळ तिथेच परत आला आहे. ज्याने काहीच भर घातली नाही, त्याचे 100 डॉलर गेले. भर घालणाऱ्याचे सगळेच गेले. याला आपल्याकडे कागदावरचा नफा खाणं म्हणतात ते उगाच नाही. 1929 नंतर, 1934 च्या कायद्याने, शेअर्ससाठी किती अनामत घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार फेडरल रिझर्व्हला मिळाला. पण सरकारी अनामत ही वरची मर्यादा झाली. आपण स्वतः किती धोका पत्करतो आहोत, याचं उत्तर तिच्यात नाही.

त्या उत्तराची लिखित, आकड्यातली नियमावली आपल्याला शिकागोत भेटते. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या दोन मित्रांमध्ये वाद होता की व्यापारी जन्माला येतो की घडवता येतो. डेनिसने 1983 मध्ये वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन सामान्य माणसं निवडली, त्यांना दोन आठवडे शिकवलं आणि स्वतःचे पैसे हाती दिले. या शिष्यांना 'टर्टल' म्हणजे कासवं हे नाव पडलं. त्यांचे नियम पुढे त्यांच्यातल्याच कर्टिस फेथने उघड केले, म्हणून आज आपण ते तपासू शकतो.

नियमाचं मूळ मोजमाप एकच. त्या बाजारात भाव दिवसाला सरासरी किती हलतो, ते 20 दिवसांच्या चढउतारावरून काढायचं. त्याला ते 'एन' म्हणत. भाव एक एन हलला तर खात्याचा 1 टक्का हलेल, एवढा माल म्हणजे एक युनिट. खरेदी झाली की दोन एन खाली स्टॉप. भाव अर्धा एन वर गेला की दुसरं युनिट, आणखी अर्धा एन गेला की तिसरं, मग चौथं. एका बाजारात चारच्या वर नाही. आणि दर वेळी भर घातली की आधीच्या सगळ्या युनिटांचे स्टॉपही अर्धा एन वर सरकवायचे.

आपण हे आपल्या आकड्यांत मांडू. खातं 10 लाख डॉलरचं, खनिज तेलाचा वायदा, एका काँट्रॅक्टमध्ये 1,000 बॅरल, आणि एन बरोबर 1 डॉलर. एक काँट्रॅक्ट दिवसाला 1,000 डॉलर हलतं, म्हणून 1 टक्क्यासाठी, म्हणजे 10,000 डॉलरसाठी, 10 काँट्रॅक्टचं युनिट. पहिली खरेदी 30 ला, स्टॉप 28 ला. धोका 20,000. दुसरी 30.50 ला, सगळे स्टॉप 28.50 वर. पहिल्या युनिटचा धोका आता 15,000, दुसऱ्याचा 20,000, मिळून 35,000. तिसरी 31 ला, स्टॉप 29 वर : 10,000, 15,000 आणि 20,000, एकूण 45,000. चौथी 31.50 ला, स्टॉप 29.50 वर : 5,000 धरून एकूण 50,000.

लक्षात आलं का? माल चौपट झाला, धोका अडीचपट. आणि तो वाढतो तेही कमी कमी पावलांनी : आधी 15 हजारांनी, मग 10, मग 5. पाचवं युनिट घेतलं असतं तर पहिल्याचा धोका शून्य होऊन बेरीज तिथेच, 50,000 वर थांबली असती. म्हणजे 'कासवांच्या पिरॅमिडात धोका वाढतच नाही' असं जे सर्रास सांगितलं जातं ते खरं नाही. तो वाढतो, पण त्याला छप्पर आहे. छप्पर खात्याच्या 5 टक्क्यांचं आहे, आणि ते पहिल्या खरेदीच्या वेळीच माहीत असतं.

ज्यांना 20,000 च्या वर जायचंच नाही, त्यांच्यासाठी गणित तेच, पण भर लहान ठेवायची आणि अंतर वाढवायचं. 30 ला 10 काँट्रॅक्ट. 31 आल्यावर सगळे स्टॉप 29 वर नेऊन फक्त 5 घ्यायचे. पहिल्या दहाचा धोका आता 10,000, नव्या पाचांचा 10,000. बेरीज पुन्हा 20,000. स्टॉप वर सरकल्यामुळे जेवढा धोका मोकळा झाला, तेवढ्याच धोक्याची नवी खरेदी, हाच सगळा नियम आहे. 32 ला स्टॉप 30 वर नेला की पहिले दहा बिनधोक झाले, पाचांवर 5,000 राहिले. तिथे 2 घेतले तर त्यांचे 4,000. एकूण 9,000.

फुकट मात्र काहीच नाही. भाव 36 ला गेला तर कासवाचे 40 काँट्रॅक्ट 2,10,000 मिळवतात, या दुसऱ्या पद्धतीचे 17 काँट्रॅक्ट 93,000, आणि काहीच भर न घालणारा 60,000. उलट 31.50 ला चौथी खरेदी झाली आणि भाव तिथूनच वळला, तर कासवाचे 50,000 जातात, दुसऱ्याचे 20,000. आणखी एक किंमत आहे, ती लवकर दिसत नाही. भाव 31.50 वरून 29.50 पर्यंत खाली येऊन पुन्हा वर गेला, तर मूळ 28 चा स्टॉप असणारा सौद्यात टिकतो. भर घातलेला मात्र बाहेर फेकला जातो. स्टॉप वर नेण्याची ही पट्टी आहे.

आपल्या पिरॅमिडात गडबड आहे हे ओळखायचं कसं? भर घालण्याआधी कागदावर एकच बेरीज करावी : आत्ता सगळे स्टॉप एकदम लागले तर एकूण किती जातील? ही रक्कम मागच्या वेळेपेक्षा वाढली असेल आणि ती कुठे थांबणार हे आपल्याला सांगता येत नसेल, तर भर घालायची नाही. बरेच जण फक्त नव्या खरेदीचा धोका मोजतात. जुनी खरेदी 'नफ्यात आहे' म्हणून हिशेबातून सोडून देतात, तिचा स्टॉप मात्र खालीच पडलेला असतो.

आणि या सगळ्या बेरजेखाली एक गृहीत आहे : स्टॉपच्या भावाला सौदा खरोखर सुटेल. 19 ऑक्टोबर 1987 च्या सोमवारी डाऊ जोन्स एका दिवसात 22.6 टक्के कोसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याजदरांचे वायदे एकदम वरच्या भावाला उघडले. ज्यांनी ते विकून ठेवले होते, त्यांचे स्टॉप मधल्या भावांना लागलेच नाहीत, कारण मधले भाव झालेच नाहीत. त्या दिवसाचं वर्णन फेथने स्वतःच्या पुस्तकात केलं आहे. भाव उडी मारतो तेव्हा तोटा हातातल्या मालावर ठरतो, आणि चार युनिटांचा तोटा एकाच्या चौपट होतो. म्हणूनच कासवांना आणखी मर्यादा होत्या : एकमेकांशी घट्ट बांधलेल्या बाजारांत मिळून 6 युनिटं, एका दिशेला सगळे मिळून 12. कच्चं तेल आणि हीटिंग ऑइल असे दोन पिरॅमिड कागदावर वेगळे दिसले तरी एकाच वाऱ्याने पडतात.

लिव्हरमोरचं पुढे काय झालं? 1934 मध्ये तो पुन्हा दिवाळखोर ठरला. नफ्यातल्या सौद्यात कधी भर घालायची हे त्याला कुणाही इतकं कळत होतं. त्याच्याकडे नव्हती ती बाहेरून लादलेली, आकड्यात लिहिलेली मर्यादा. कासवांकडे ती होती. पुढच्या वेळी आपण त्याच मुद्द्यावरून पुढे जाऊ : नियम लिहून ठेवल्यावरही त्यातल्या काहींनी ते का मोडले. तोवर, कुणाचा चालू सौदा असेल, तर वरची ती एक बेरीज घरी जाऊन करून पाहा. प्रश्न असतील तर आता घेऊ.