शॉवरचा आडोसा

शॉवरचा आडोसा म्हणजे स्नानगृहातील न्हाण्याची जागा उरलेल्या जागेपासून वेगळी ठेवणारी रचना होय. काचेची भिंत, पडदा आणि कोणताही आडोसा नसलेला खुला ओला भाग हे तिचे तीन प्रमुख प्रकार आहेत. शौचकूप, हात धुण्याचे भांडे आणि शॉवर एकाच खोलीत असतात तेथे या निवडीला विशेष महत्त्व येते. महाराष्ट्रातील शहरी सदनिकांत अशी एकत्र स्नानगृहे सर्रास आढळतात. जुन्या घरांतील मोरीला असणारा विटांचा किंवा दगडाचा बुटका कठडा हा पाणी अडवण्याच्या याच उपायाचा पूर्वीचा प्रकार म्हणता येईल.

पाणी पसरण्याचे मार्ग

स्नानाचे पाणी मुख्यतः तीन मार्गांनी बाहेर जाते. पहिला मार्ग थेट फवाऱ्याचा. शॉवरचे तोंड ज्या दिशेला असते त्या दिशेला हे पाणी पडते. दुसरा मार्ग अंगावरून उडणाऱ्या शिंतोड्यांचा. खांदे आणि डोके यांवर आदळलेले पाणी चोहीकडे उडते. तांब्याने अंघोळ करताना फवारा नसतो, परंतु जमिनीवर आपटून उडणारे पाणी अधिक असते. तिसरा मार्ग जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याचा.

पहिल्या दोन मार्गांना उभा आडोसा रोखू शकतो. तिसऱ्या मार्गावर आडोशाचा फारसा उपयोग होत नाही. तेथे जमिनीचा उतार, पातळीतील फरक आणि पाणी वाहून नेणारी जाळी हेच उपाय चालतात. काच बसवूनही दारापर्यंत पाणी येते अशी तक्रार असते, तेव्हा दोष बहुधा काचेत नसून उतारात असतो.

काचेची भिंत

या कामासाठी कडक केलेली काच (टफन्ड ग्लास) वापरतात. साधी काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने एकदम थंड केली म्हणजे ती तयार होते. अशी काच फुटली तरी तिचे लांब धारदार तुकडे न होता बारीक बोथट कण होतात. मात्र एकदा कडक केलेली काच कापता येत नाही वा तिला भोक पाडता येत नाही. म्हणून मापे लाद्या बसवून झाल्यावरच घ्यावी लागतात. भिंत ओळंब्यात नसेल तर वर आणि खाली वेगवेगळी मापे येतात व ती दोन्ही नोंदवावी लागतात. चौकटीविना उभ्या केलेल्या काचेची जाडी साधारणतः ८ किंवा १० मिमी असते आणि उंची १.९ ते २ मीटर ठेवतात.

काचेचे दोन उपप्रकार आहेत. एकात दार असते, दुसऱ्यात फक्त एक स्थिर काच असून बाजूला ये-जा करण्यापुरती मोकळी जागा सोडलेली असते. दार असल्यास आडोसा पूर्ण होतो. तथापि आत कोणी घेरी येऊन पडल्यास आत उघडणारे दार अडकते, म्हणून दार बाहेर उघडणारे असणे सुरक्षित मानले जाते. बाहेर उघडलेल्या दारावरचे पाणी कोरड्या भागात ठिबकते. ते कमी करण्यासाठी दाराच्या खालच्या कडेला आतल्या बाजूस कललेली प्लॅस्टिकची पट्टी लावतात. सरकत्या दाराला जागा कमी लागते, पण त्याच्या खाचेत साबणाचा मळ साचतो.

काचेची मोठी अडचण पांढऱ्या डागांची आहे. कूपनलिकेच्या जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार थेंब वाळल्यावर काचेवर उरतात. स्नानानंतर लगेच रबरी पट्टीच्या वायपरने काच निपटली तर डाग पडत नाहीत. पडलेले डाग व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने निघतात. मात्र ते आम्ल संगमरवरी फरशीवर सांडल्यास फरशीची झिलई जाते.

पडदा

पडदा हा सर्वांत स्वस्त आणि सहज बदलता येणारा आडोसा आहे. त्याचे काम कापडापेक्षा टांगण्याच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते. पडद्याची खालची कड नेहमी ओल्या भागाच्या आत पडली पाहिजे. ती कडेच्या बाहेर लोंबली तर पडद्यावरून ओघळणारे सर्व पाणी कोरड्या भागात जाते. खालची कड जमिनीपासून २ ते ३ सेंमी वर असावी. त्याहून अधिक अंतर असल्यास शिंतोडे खालून निघतात आणि पडदा जमिनीला टेकल्यास कडेला बुरशी धरते. मोकळ्या जागेच्या रुंदीपेक्षा पडदा किमान ३० सेंमी रुंद असल्यास दोन्ही टोके भिंतींना नीट टेकतात.

शॉवर चालू असताना पडदा आत ओढला जाऊन अंगाला चिकटतो. गरम हवा वर गेल्यामुळे असे होते अशी समजूत होती, परंतु थंड पाण्यानेही पडदा आत येतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील डेव्हिड श्मिट यांनी संगणकीय प्रतिरूप तयार करून असे दाखवले की, फवाऱ्याच्या थेंबांमुळे आतील हवेत आडव्या अक्षाभोवती फिरणारा भोवरा निर्माण होतो आणि त्याच्या मध्यभागी दाब कमी असल्याने पडदा खेचला जातो. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये भौतिकशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. खालच्या शिवणीत वजन घातलेला पडदा किंवा बाहेरच्या बाजूस वाकलेली दांडी हे यावरील व्यवहार्य उपाय आहेत.

स्नानानंतर पडदा गोळा करून ठेवला तर घड्यांत ओल राहते. तो पूर्ण पसरून वाळवावा लागतो. कोकणातील पावसाळ्यात पसरलेला पडदाही सावकाश वाळतो. त्यामुळे तेथे धुता येईल असे पॉलिएस्टरचे कापड सोयीचे ठरते.

खुला ओला भाग

या प्रकारात उभा आडोसा नसतो. संपूर्ण जमीन ओली होणार हे गृहीत धरून खोली बांधलेली असते. बादली आणि पाट ठेवून अंघोळ करणाऱ्यांना यात हालचालीला भरपूर जागा मिळते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या किंवा पाय उचलणे अवघड जाणाऱ्या व्यक्तींसाठी कठडा व पायरी नसलेली ही रचना सर्वांत योग्य असते. परंतु ओल्या फरशीवर घसरण्याचा धोका येथे सर्वाधिक असतो, म्हणून लाद्या खरखरीत लागतात. शौचकुपाची बैठक, कागद आणि लाकडी कपाट यांवरही शिंतोडे येतात. खोली कोरडी होण्यास वेळ लागतो व वायुवीजन अपुरे असल्यास भिंतींवर बुरशी येते.

उदाहरण: २.४ मीटर × १.५ मीटर स्नानगृह

समजा, दार एका आखूड बाजूला आहे, दाराजवळ हात धुण्याचे भांडे, मध्ये शौचकूप आणि दारासमोरच्या टोकाला शॉवर आहे. टोकाची ९० सेंमी खोल आणि १.५ मीटर रुंद पट्टी ओला भाग म्हणून धरली, तर कोरड्या भागाला १.५ मीटर लांबी उरते.

दोन्ही भागांच्या मध्ये कठडा घातला तर पाणी अडते खरे, परंतु कोरडा भाग धुतल्यावर त्या पाण्याला जाण्यास वाट राहत नाही. त्यासाठी कोरड्या भागात दुसरी जाळी लागते. ती नसल्यास कठड्याऐवजी ओला भाग १.५ सेंमी खाली घेणे बरे. कोरड्या भागाला मीटरमागे १ सेंमी उतार दिला तर १.५ सेंमी उतरण होते. त्यानंतर १.५ सेंमीची पायरी येते. ओल्या भागाला मीटरमागे १.५ सेंमी उतार दिल्यास आणखी सुमारे १.४ सेंमी मिळतात. अशा रीतीने टोकाच्या भिंतीलगतची जाळी दारातील फरशीपेक्षा सुमारे ४.४ सेंमी खाली येते.

पायरीच्या कडेवर ९० सेंमी रुंदीची स्थिर काच एका लांब भिंतीला जोडून उभी केली म्हणजे ये-जा करण्यास ६० सेंमी जागा उरते. शॉवर त्याच लांब भिंतीवर बसवावा. तेथून फवारा काचेला समांतर जातो आणि न्हाणारी व्यक्ती काचेच्या आडोशाला उभी राहते. टोकाच्या भिंतीवर शॉवर बसवल्यास त्याचे तोंड थेट मोकळ्या जागेकडे येते. काचेखालचा सांधा सिलिकॉनने बंद असल्याने कोरड्या भागाचा उतार किंचित मोकळ्या बाजूकडे वळवावा लागतो, नाहीतर फरशी धुतल्यावर पाणी काचेलगत साचते.

जाळी केसांनी पूर्ण तुंबली तर काय होते, हेही या मापांवरून काढता येते. पायरीच्या वरच्या पातळीपर्यंत ओल्या भागात सुमारे ३० लिटर पाणी मावते. मिनिटाला १० लिटर पाणी देणारा शॉवर ते तीन मिनिटांत भरतो. पुढे आणखी सुमारे ३७ लिटर पाणी आले की ते दारातील फरशीच्या पातळीला पोहोचते. म्हणजे एकूण सात मिनिटांच्या आत पाणी शयनगृहाकडे वळते. दारात दगडी उंबरा असल्यास थोडा अधिक वेळ मिळतो.

जलरोधन आणि गळतीचा शोध

काच किंवा पडदा पाणी पसरू देत नाही, पण ते खाली झिरपण्यापासून रोखत नाही. लाद्यांमधील सांधे पूर्णतः जलरोधक नसतात. म्हणून लाद्यांखाली जलरोधक थर द्यावा लागतो. तो संपूर्ण जमिनीवर व भिंतींच्या तळाशी असतोच. शॉवरजवळच्या भिंतींवर तो फवाऱ्याच्या उंचीपर्यंत नेतात. लाद्या बसवण्यापूर्वी जाळी बंद करून जमिनीवर पाणी साठवतात, पातळीची खूण करतात आणि किमान २४ तास खालच्या मजल्याचे छत पाहतात. तळखिळ्यांनी काच बसवताना या थराला भोक पडते. त्यामुळे खाली खिळे न मारता भिंतीवरील पट्टी आणि सिलिकॉन यांवर काच उभी करणे इष्ट असते.

खालच्या सदनिकेच्या छतावर ओल दिसल्यास कारण क्रमाने शोधता येते. शॉवर न वापरताही ओल वाढत राहिली तर पाणीपुरवठ्याच्या नळीचा संशय येतो. तसे नसेल तर प्रथम फरशी न भिजवता बादलीभर पाणी थेट जाळीत ओततात. त्याने ओल आली तर दोष जाळीच्या किंवा सांडपाण्याच्या नळीच्या जोडात असतो. दुसऱ्या दिवशी जाळी बंद करून फक्त जमिनीवर पाणी साठवतात आणि तिसऱ्या दिवशी फक्त भिंतीवर फवारा सोडतात. प्रत्येक चाचणीनंतर छत पाहण्यास पुरेसा वेळ द्यावा लागतो, कारण पाणी कोब्यातून झिरपत खाली येण्यास कित्येक तास लागू शकतात. ही तपासणी न करता केवळ काचेच्या कडेचे सिलिकॉन बदलल्यास वरचा भाग कोरडा दिसू लागतो, परंतु खालची ओल कायम राहते.