ग्लुकोजचा उतरता आकडा

आपल्या कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांत रसातली साखर मोजायला पोलॅरिमीटर वापरतात. द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश किती अंश वळला, हे त्यात दिसतं. उसाच्या साखरेचा आकडा स्थिर राहतो. ग्लुकोजचा नाही. ताज्या द्रावणाचा आकडा आपोआप उतरत जातो, हे फ्रान्सच्या द्युब्रुनफो यांनी 1846 मध्ये पाहिलं.

1895 मध्ये तांरे यांनी ग्लुकोजची वेगवेगळी स्फटिकरूपं हाती आणली. आजच्या मोजमापात अल्फाचा आकडा +112.2, बीटाचा +18.7. पाण्यात ठेवली की एक उतरतं, दुसरं चढतं आणि दोन्ही +52.7 वर थांबतात. यालाच म्युटारोटेशन म्हणतात.

कारण वलयात आहे. पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनला जोडला जातो आणि सहा अणूंचं पायरानोज वलय मिटतं. त्याचा हा आकार हॅवर्थ यांच्या गटानं 1920च्या दशकात पक्का केला. मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट दोनपैकी एका बाजूला बसतो. ही दोन रूपं म्हणजे अ‍ॅनोमर. पाण्यात वलय उघडतं, पुन्हा मिटतं, म्हणून एकाचं दुसरं होतं.

आता हिशेब करू. 52.7 मधून 18.7 वजा केले, उरले 34. दोन टोकांतलं अंतर 93.5. भागाकार 0.36. म्हणजे शेवटी अल्फा 36 टक्के, बाकी जवळजवळ सगळं बीटा.

उसाच्या साखरेत ग्लुकोजचा हाच पहिला कार्बन फ्रुक्टोजशी बांधलेला असतो. वलय उघडत नाही, म्हणून आकडा हलत नाही.