ओट्यावरचा डबा : नासण्यापर्यंतचे ७२ तास

आंबट वास आला म्हणून इडलीचं पीठ मोरीत ओतून देणारी घरं पुष्कळ आहेत, आणि खरंच नासलेलं पीठ "थोडं आंबलंय" म्हणून तव्यावर घालणारीही आहेत. या दोन चुकांमधला फरक नीट कळावा म्हणून ठाण्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. मे महिना, स्वयंपाकघरात रात्रीसुद्धा बत्तीस अंश. तीन वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, पाव चमचा मेथी, पाच तास भिजवून वाटलेली. पीठ एकच, डबे दोन.

शनिवार, संध्याकाळी ७. उरले ७२ तास.
डाळ गार पाण्याने हलकी वाटून, तांदूळ किंचित रवाळ ठेवून दोन्ही हाताने कालवलं. मीठ घातलं, झाकण सैल ठेवलं. विरजण काहीच नाही, कारण आंबवणारे जिवाणू मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबरच येतात.

शनिवार, रात्री ११. उरले ६८ तास.
वरून पाहिलं तर पीठ तसंच आहे. आत मात्र ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइड्स नावाचे जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड बनवू लागले आहेत. डाळीतला चिकट भाग आणि प्रथिनं हा वायू धरून ठेवतात, म्हणून पीठ फुगतं.

खरी जोखीम याच तासांत असते. तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, आणि ते शिजवूनही मरतातच असं नाही. त्यांना वाढू न देणारा पहारेकरी म्हणजे आम्ल, आणि ते अजून पुरेसं तयार झालेलं नाही. मेमध्ये ही वेळ लवकर सरते. जानेवारीच्या थंडीत पीठ दीड दिवस तसंच पडून राहिलं, फुगलं नाही, आंबलं नाही आणि वास मात्र विचित्र येऊ लागला, तर ते बिनदिक्कत टाकावं. न आंबता वास मारणारं पीठ आंबट पिठापेक्षा कितीतरी वाईट.

रविवार, पहाटे ५. उरले ६२ तास.
पीठ दुपटीहून जास्त चढलंय. चमचा खाली घातला की जाळी दिसते, वास ताज्या ताकासारखा. इडली लावायची हीच वेळ. पण गावाहून फोन आला आणि घरच्यांना तातडीने निघावं लागलं. सुनेने अर्धं पीठ स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवलं. उरलेलं अर्धं घाईत ओट्यावरच राहिलं आणि दाराला कुलूप लागलं.

रविवार, दुपारी २. उरले ५३ तास.
पहिल्या जिवाणूंना आता स्वतःच केलेलं आम्ल सोसेनासं झालंय. त्यांची जागा आम्ल सहन करणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंनी घेतली आहे, आणि ते आंबटपणा आणखी वाढवतायत. वायू धरणारी जाळी मोडली, पीठ खाली बसलं. डब्याच्या आतल्या कडेला पीठ कुठवर चढलं होतं त्याची वाळलेली रेघ उरली. वर पातळ पाणी सुटलं. झाकण उघडलं तर वास नाकात झणझणेल.

बहुतेक जण इथे घाबरतात, पण या घटकेला पीठ नासलेलं नाही. आम्ल पुरेसं आहे, बहुतेक रोगजंतूंना त्यात वाढता येत नाही. बिघडलाय तो पोत. याच्या इडल्या चपट्या आणि घट्ट होतील. डोसे होतील, पण फिकट राहतील, कारण तव्यावर रंग आणणारी साखर जिवाणूंनी खाऊन टाकली आहे.

रविवार, रात्री ११. उरले ४४ तास.
आता आंबट वासात व्हिनेगरची आणि थोडी दारूसारखी झाक आलीय, म्हणजे यीस्टही कामाला लागलंय. पीठ ओट्यावर ठेवून अठ्ठावीस तास झाले. उन्हाळ्यात ओट्यावर चोवीस तास उलटले की मी तरी ते वापरत नाही. या वेळी ते नासलंच असेल असं नाही, पण इथून पुढे नुसत्या नाकावर भरवसा ठेवता येत नाही.

सोमवार, दुपारी ३. उरले २८ तास.
पिठावर पांढुरका, सुरकुतलेला पापुद्रा धरलाय. बुरशी आणि काही यीस्ट आम्लाला भीत नाहीत, उलट तेच त्यांचं खाद्य. हवा लागते त्या पृष्ठभागावर बसून ती लॅक्टिक आम्ल खाऊ लागली. वरच्या थराचा आंबटपणा उतरायला लागला, म्हणजे पहारेकरीच जायला लागला.

मंगळवार, पहाटे ४. उरले १५ तास.
आम्ल कमी झालेल्या थरात आता इतर जंतूंनाही जागा मिळाली. डाळीची प्रथिनं कुजायला लागली. वास कमी आंबट आणि जास्त घाण होत चाललाय.

मंगळवार, संध्याकाळी ७.
कुलूप उघडलं. ओट्यावरच्या डब्यात एका बाजूला गुलाबी-नारिंगी ठिपके, मधे हिरवट लव. सुनेने फ्रीजमधला डबाही काढला. तोही फसफसलेला, वर पाणी.

"आई, यालाही उग्र वास येतोय. दोन्ही टाकून देऊ?"

"अगं थांब. हा दह्याच्या जातीचा वास आहे. ओट्यावरच्याला नाक लाव, तो उकिरड्यासारखा येतो. तो टाक."

सासूबाईंचं निदान बरोबर आहे. ओट्यावरच्या पिठाची वरची बुरशी काढून खालचं वापरायचा मोह होतो, पण ओल्या, सैल पदार्थात बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. काही बुरशी जी विषं बनवतात ती इडलीच्या वाफेने नष्ट होत नाहीत. सोड्याने तर काहीच सुधारत नाही. सोडा आम्ल मारतो, म्हणजे आंबट चव झाकतो, नासलेपण तसंच राहतं.

फ्रीजचा डबा उजेडात धरून पाहिला. रंगाचा ठिपका नाही, लव नाही. पृष्ठभाग कडेला जरा करडा झालाय, तो वाळल्यामुळे. डाव घातला तर शेवाळी चिकट तार धरत नाही. ढवळल्यावर पुन्हा वास घेतला, तरी आंबटच. कच्चं चाखायची गरज नाही. एक छोटा डोसा घालून पाहावा.

दोन वाट्या पिठात अर्धी वाटी तांदळाचं पीठ आणि लागेल तसं पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवलं की आंबटपणा पसरून सौम्य होतो. चिमूटभर साखर घातली तर तव्यावर रंगही येतो. याच्या इडल्या करायच्या भानगडीत पडू नये. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर पेरून जाड उत्तप्पे करावेत, नाहीतर आप्पेपात्रात घालावं. सोबत आंबट चटणी नको, ओल्या नारळाची गोडसर चटणी करावी. पीठ त्याच रात्री संपवावं.

ओट्यावरचा डबा साबणाने घासून उकळत्या पाण्याने धुवावा. झाकणाची रबरी कडा काढून तिच्या खाचेतलं वाळलेलं पीठ ब्रशने खरवडावं, कारण बुरशीचे बीजाणू तिथेच लपून राहतात आणि पुढच्या शनिवारच्या पिठात उतरतात.