चिनी व्हिजिटिंग कार्डच्या दोन बाजू: कंपनीचं खरं नाव कोणत्या बाजूला असतं?

चीनच्या ग्वांगझू शहरात १९५७ पासून कँटन फेअर भरतो. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, तीन टप्प्यांत. महाराष्ट्रातूनही अनेक छोटे व्यापारी तिथे जातात. कुणी एलईडी दिवे बघायला, कुणी किचनवेअर, कुणी मशीनचे सुटे भाग. परत येताना प्रत्येकाच्या बॅगेत व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा असतो. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला चिनी.

आपण साहजिकच इंग्रजी बाजू वाचतो, फोनमध्ये नंबर सेव्ह करतो आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकतो. दोन्ही बाजूंना एकच मजकूर असेल, फक्त भाषा वेगळी, असं आपण धरून चालतो. अनेकदा तसं नसतं. आणि पैसे पाठवायची वेळ येते तेव्हा हा फरक महागात पडू शकतो.

इंग्रजी नाव कायद्याने कंपनीचं नाव नसतं

मुख्य भूमी चीनमध्ये कंपनीची नोंदणी चिनी अक्षरांतल्या नावानेच होते. इंग्रजी नाव कंपनी आपल्या सोयीने ठेवते. कार्डावर एक, वेबसाइटवर थोडं वेगळं आणि इनव्हॉइसवर तिसरंच, असंही दिसतं. त्यामुळे फक्त इंग्रजी नावावर केलेल्या करारात ‘माल देणारा नेमका कोण’ हाच प्रश्न उघडा राहतो. पुढे वाद झाला आणि चीनमधल्या कोर्टात जायची वेळ आली, तर दावा कुणावर लावायचा हे ठरवायला चिनी नावच शोधावं लागतं.

थोडक्यात, कार्डाची आपल्याला न कळणारी बाजू हीच कंपनीची ओळख असते. सुदैवाने ती वाचायला चिनी भाषा यावी लागत नाही. सात-आठ शब्दांची अक्षरं ओळखता आली तरी बरंच काम होतं.

नावाचे चार तुकडे

चिनी कंपनीचं नाव साधारणपणे चार भागांचं असतं: आधी गाव किंवा प्रांत, मग कंपनीचं स्वतःचं नाव, मग धंदा आणि शेवटी कंपनीचा प्रकार. आपल्याकडे ‘प्रा. लि.’ शेवटी येतं, तसंच.

एक नमुना पाहू. समजा, कार्डाच्या इंग्रजी बाजूला ‘निंग्बो अमुक लायटिंग फॅक्टरी, सेल्स मॅनेजर’ असं छापलंय. उलटून पाहिलं तर चिनी बाजूला हे आहे:

```
宁波 某某 进出口 有限公司
业务员
```

(छापील कार्डावर अक्षरं सलग असतात. इथे समजावं म्हणून मध्ये जागा सोडली आहे.)

पहिला तुकडा म्हणजे निंग्बो हे शहर. दुसरा 某某, म्हणजे चिनीतलं ‘अमुक-तमुक’. खऱ्या कार्डावर इथे कंपनीचं नाव असेल. तिसरा तुकडा महत्त्वाचा: 进出口 म्हणजे आयात-निर्यात. शेवटचा 有限公司 म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी.

आता दोन बाजू शेजारी ठेवा. इंग्रजीत ‘लायटिंग फॅक्टरी’ आहे. चिनीत दिव्यांचाही उल्लेख नाही आणि कारखान्याचाही नाही. ही आयात-निर्यात करणारी कंपनी आहे, म्हणजे बहुधा मध्यस्थ.

ही फसवणूक आहे का? लगेच तसं म्हणता येत नाही. अनेक कारखाने निर्यातीसाठी वेगळी कंपनी काढतात आणि तिचं नाव असंच असतं. मध्यस्थही कामाचा असतो: तो पाच कारखान्यांतला थोडा थोडा माल एका कंटेनरमध्ये भरून देतो. पण ‘आम्हीच बनवतो, म्हणून भाव कमी’ असं कुणी सांगत असेल, तर पुढचा प्रश्न विचारायला आता तुमच्याकडे कारण आहे: कारखाना कुठे आहे, आणि तो कोणत्या चिनी नावाने नोंदलेला आहे?

ओळखायची अक्षरं

धंद्याच्या जागी हे शब्द वारंवार दिसतात:

- 贸易 : व्यापार
- 进出口 : आयात-निर्यात
- 制造 : उत्पादन

आणि शेवटच्या जागी हे:

- 有限公司 : मर्यादित कंपनी, सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. याचंच लांब रूप 有限责任公司.
- 股份有限公司 : भागभांडवलात विभागलेली कंपनी. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या या प्रकारच्या असतात, पण या प्रकारची प्रत्येक कंपनी शेअर बाजारात नसते.
- 厂 : कारखाना. अशी नोंद बऱ्याचदा एका मालकाची असते.
- 商行 किंवा 经营部 : पेढी, दुकान. यिवूच्या घाऊक बाजारात अशी नावं भरपूर आढळतात.

शेवटच्या दोन प्रकारांत आणि कंपनीत फरक काय? आपल्याकडे प्रोप्रायटरशिप आणि प्रा. लि. यांत असतो, साधारण तसाच. एकट्या मालकाच्या पेढीला आपल्या नावात 公司, म्हणजे ‘कंपनी’, लावता येत नाही. पण इंग्रजी बाजूला ‘कंपनी लिमिटेड’ छापायला तिला प्रेसवाला अडवत नाही. म्हणून इंग्रजी शेपटीवर विसंबू नका, चिनी शेपटी बघा.

पत्त्यातूनही अंदाज येतो. चिनी पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो: प्रांत, शहर, जिल्हा, रस्ता, नंबर. शेवटी 室 (खोली) आणि त्याआधी 大厦 (उंच इमारत) दिसलं, तर ते ऑफिस आहे. 工业区 (औद्योगिक वसाहत) दिसलं, तर तिथे कारखाना असण्याची शक्यता जास्त.

हुद्दा: ‘मॅनेजर’ म्हणजे कोण?

नमुन्यातल्या कार्डावर इंग्रजीत ‘सेल्स मॅनेजर’ होतं, चिनीत 业务员. याचा अर्थ विक्री प्रतिनिधी. चांगला प्रतिनिधी सगळी मदत करतो, पण भाव आणि अटी ठरवायचा अधिकार त्याच्याकडे असेलच असं नाही. 经理 म्हणजे मॅनेजर, 总经理 म्हणजे जनरल मॅनेजर. छोट्या कंपनीत 总经理 बहुतेक वेळा मालकच असतो.

कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं पद मात्र कार्डावर सहसा छापलेलंच नसतं. ते म्हणजे 法定代表人, कायदेशीर प्रतिनिधी. प्रत्येक कंपनीच्या सरकारी नोंदीत अशा एका व्यक्तीचं नाव असतं आणि तिची सही कंपनीला बांधील करते. दुसऱ्या कुणी सही केली, तर करारावर कंपनीचा लाल गोल शिक्का असणं फार महत्त्वाचं ठरतं. त्या शिक्क्यावर पूर्ण चिनी नाव असतं. ते नाव आणि कार्डामागचं नाव एकेक अक्षर जुळवून बघा.

कार्डावरचा वीचॅटचा क्यूआर कोडही बहुतेक वेळा त्या माणसाचा असतो, कंपनीचा नाही. त्याने नोकरी बदलली, तर तुमचं सगळं बोलणं त्याच्यासोबत जातं. म्हणून ऑर्डर पक्की करताना कंपनीच्या ईमेलवर लेखी घ्या.

नोंद खरी आहे का, कसं तपासायचं?

कंपनीकडे बिझनेस लायसन्सचा फोटो मागा. चिनीत त्याला 营业执照 म्हणतात. खऱ्या कंपनीला तो पाठवायला अडचण नसते. त्यावर १८ अक्षर-अंकांचा एक कोड असतो. कंपनी असेल तर तो `91` ने सुरू होतो, एकट्या व्यावसायिकाची पेढी असेल तर `92` ने. पुढचे सहा अंक नोंदणी कुठे झाली ते सांगतात. निंग्बो ज्या जजियांग प्रांतात आहे, त्याचे आकडे `33` ने सुरू होतात, ग्वांगझूच्या ग्वांगडाँग प्रांताचे `44` ने. कोडमध्ये I, O, Z, S, V ही अक्षरं वापरत नाहीत. ती दिसली तर कोड चुकीचा आहे.

मग `gsxt.gov.cn` या सरकारी साइटवर तो कोड किंवा चिनी नाव टाका. फोनने कार्डाचा फोटो काढून त्यातली अक्षरं कॉपी करता येतात. साइट चिनीत आहे आणि परदेशातून कधी कधी उघडत नाही. अशा वेळी चीनमधल्या ओळखीच्या एजंटकडून स्क्रीनशॉट मागवा.

तिथे तीन गोष्टी बघा. स्थितीच्या जागी 注销 (नोंदणी रद्द) किंवा 吊销 (परवाना काढून घेतला) असेल, तर विषय संपला. स्थापनेची तारीख बघा: ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्यांची कंपनी गेल्या वर्षीची निघू शकते. तिसरं, व्यवसायाची व्याप्ती. त्यात 生产 किंवा 制造 (उत्पादन) आहे, की फक्त 销售 (विक्री)? उत्पादन लिहिलंय म्हणजे कारखाना आहेच असा पुरावा होत नाही. तो प्रत्यक्ष भेटीतच मिळतो. पण ते लिहिलेलंच नसेल, तर ‘आम्ही कारखानदार’ या दाव्यावर शंका घ्यायला हरकत नाही.

पैसे कुणाच्या नावावर?

खरी परीक्षा इथे असते. नमुन्यातल्या कंपनीला तुम्ही १२,००० डॉलरची ऑर्डर दिली असं समजा. नेहमीची अट ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल जहाजावर चढताना. म्हणजे आधी ३,६०० डॉलर, नंतर ८,४००. प्रोफॉर्मा इनव्हॉइस येतो. वर निंग्बोच्या कंपनीचं इंग्रजी नाव, खाली बँक खातं मात्र हाँगकाँगच्या एका ‘लिमिटेड’चं.

हाँगकाँगचे कंपनी कायदे वेगळे आहेत. तिथे इंग्रजी नावही अधिकृतपणे नोंदवता येतं आणि चिनी नावात तेच 有限公司 असतं. त्यामुळे दोन्ही नावं सारखीच वाटतात. पण ती स्वतंत्र कंपनी आहे. माल खराब निघाला, तर निंग्बोची कंपनी म्हणू शकते की पैसे आम्हाला मिळालेच नाहीत. अनेक चिनी निर्यातदार डॉलरसाठी हाँगकाँगचं खातं खरोखर वापरतात, त्यामुळे एवढ्यावरून व्यवहार मोडायची गरज नाही. मात्र हाँगकाँगची कंपनी आमच्या वतीने पैसे घेते, असं निंग्बोच्या कंपनीने शिक्क्यासह लेखी द्यावं. खातं एखाद्या माणसाच्या वैयक्तिक नावावर असेल, किंवा ऐनवेळी ‘बँक बदलली’ असा ईमेल आला, तर आधी कार्डावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा आणि मगच पैसे पाठवा.

इनव्हॉइस आणि करारात इंग्रजी नावाच्या खाली पूर्ण चिनी नाव आणि १८ अंकी कोड लिहून मागा. आणि पुढच्या वेळी स्टॉलवर कार्ड हातात आलं की ते तिथेच उलटून बघा. धंद्याच्या तुकड्यावर बोट ठेवून ‘कारखाना की ट्रेडिंग?’ एवढं विचारा. उत्तर कार्डाच्या मागच्या बाजूला लगेच लिहून ठेवा, कारण संध्याकाळपर्यंत कोणतं कार्ड कुणाचं हे लक्षात राहत नाही.